कॅमेरा एका कंपनीचा, रेकॉर्डर दुसऱ्या

डोंबिवलीतली एक पाच मजली सोसायटी डोळ्यांपुढे आणा. २०१९ साली तिथे सोळा चॅनलचा नेटवर्क रेकॉर्डर बसवला. इन्स्टॉलर मंडळी याला एनव्हीआर म्हणतात. त्याच कंपनीचे अकरा कॅमेरे लागले आणि पाच चॅनल मोकळे राहिले. सहा वर्षं सगळं सुरळीत चाललं. आता पार्किंगमध्ये दोन आणि गेटवर दोन असे चार कॅमेरे वाढवायचे आहेत, तर जुनं मॉडेल बाजारात मिळत नाही. त्याला एक कारण सरकारी नियमाचं आहे. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या ठरावीक चाचण्या आणि सक्तीची नोंदणी यांशिवाय भारतात विकता येत नाही, आणि अनेक जुनी मॉडेलं त्या गाळणीतून पुढे आलीच नाहीत. मग सीसीटीव्हीवाला दुसऱ्या कंपनीचे चार कॅमेरे सुचवतो. 'चालतील ना जुन्या रेकॉर्डरला?' असं सेक्रेटरींनी विचारलं की तो खोक्यावरच्या एका शब्दावर बोट ठेवतो: ओएनव्हीआयएफ. सगळे त्याला ऑनव्हिफ म्हणतात. 'हे लिहिलंय म्हणजे कशालाही चालतं.'

त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं कळायला सोसायटीला बहुतेक वेळा काही महिने जातात आणि एखादी चोरी किंवा धडक व्हावी लागते. म्हणून हा शब्द नेमकं काय वचन देतो ते आधीच समजून घेतलेलं बरं.

२००८ सालापर्यंत प्रत्येक कंपनीचा नेटवर्क कॅमेरा आपापल्या खासगी पद्धतीने बोलत असे. एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरला जोडायचा तर रेकॉर्डरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या कॅमेऱ्यासाठी वेगळं काम करावं लागायचं. त्या वर्षी अॅक्सिस, बॉश आणि सोनी या तीन कंपन्यांनी एकत्र येऊन ऑनव्हिफ ही संस्था काढली आणि कॅमेरा व रेकॉर्डर यांनी एकमेकांशी कसं बोलावं याचे सामाईक नियम लिहायला घेतले. पुढे बाकीचा उद्योग त्यात आला. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक आयपी कॅमेऱ्यांना आणि रेकॉर्डरना ही बोली थोडीफार येते.

'थोडीफार' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण नियम एकगठ्ठा नाहीत. त्यांचे संच केलेले आहेत आणि त्यांना प्रोफाइल म्हणतात. २०११ साली आलेला प्रोफाइल एस चित्र पाठवण्यापुरता आहे: कॅमेरा नेटवर्कवर सापडणं, त्याचा प्रवाह मागवणं, फिरता कॅमेरा असेल तर तो फिरवणं. प्रोफाइल जी कॅमेऱ्यातल्या कार्डावर किंवा रेकॉर्डरमध्ये साठवलेलं चित्रण शोधून मिळवण्यासाठी आहे. २०१८ चा प्रोफाइल टी नव्या पिढीच्या चित्रासाठी आहे. एच.२६५ या दाबपद्धतीला आणि हालचाल टिपल्याच्या सूचनेला त्यात जागा मिळाली. माणूस, गाडी, नंबरप्लेट अशा ओळखीची माहिती पाठवण्यासाठी २०२१ साली प्रोफाइल एम आला. कॅमेऱ्याकडे टी असेल आणि रेकॉर्डरकडे फक्त एस, तर दोघांमध्ये एसपुरतंच बोलणं होतं. खोक्यावर नुसतं 'ऑनव्हिफ' लिहिलेलं असतं तेव्हा यातला कोणता संच अभिप्रेत आहे हे कळायला मार्ग नसतो.

दुसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. ऑनव्हिफ ही संस्था कोणताही कॅमेरा स्वतः तपासून शिक्का मारत नाही. सदस्य कंपनी संस्थेच्या चाचणी सॉफ्टवेअरवर आपलं उत्पादन तपासते आणि ते नियमांत बसतं असं स्वतःच जाहीर करते. ते उत्पादन मग संस्थेच्या वेबसाइटवरच्या यादीत येतं. यादीत मॉडेलच्या नावासोबत फर्मवेअरची आवृत्तीही दिलेली असते, कारण जाहीरनामा त्या आवृत्तीपुरता असतो. खोक्यावर 'सपोर्टेड' छापायला मात्र कोणाची आडकाठी नाही. तेव्हा कॅमेरा घेण्याआधी पाच मिनिटं काढून onvif.org वर मॉडेल क्रमांक टाकून बघावा. यादीत नसलेला कॅमेरा चालणारच नाही असं नव्हे, पण मग आपण विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर घेतोय हे आपल्याला माहीत असतं.

आता सोसायटीत परत येऊ. चार कॅमेरे लागले, केबल स्विचमध्ये गेली, दिवे लुकलुकले. रेकॉर्डरच्या पडद्यावर कॅमेरा शोधायला सांगितलं तर एकतर काहीच सापडत नाही, किंवा कॅमेरा सापडतो पण पासवर्ड चुकीचा म्हणून नाकारला जातो. पासवर्ड तर नुकताच आपल्या हाताने ठेवलेला असतो.

याची दोन कारणं नेहमीची आहेत. पहिलं म्हणजे सुरक्षेपायी आता बऱ्याच कंपन्या ऑनव्हिफ बंद ठेवूनच कॅमेरा पाठवतात. लॅपटॉपवर कॅमेऱ्याचं स्वतःचं पान उघडून ते चालू करावं लागतं. हिकव्हिजनच्या कॅमेऱ्यात ही सोय नेटवर्क सेटिंगमध्ये `Integration Protocol` या नावाखाली असते आणि तिथे ऑनव्हिफसाठी वेगळा वापरकर्ता तयार करावा लागतो. `admin` चा नेहमीचा पासवर्ड तिथे आपोआप लागू होत नाही. इतर अनेक कंपन्यांकडेही ऑनव्हिफची खाती अशी वेगळी असतात. रेकॉर्डरमध्ये भरायचा तो या वेगळ्या खात्याचा पासवर्ड.

दुसरं कारण घड्याळाचं आहे आणि ते पटकन कोणाच्या लक्षात येत नाही. ऑनव्हिफमध्ये पासवर्ड उघडा पाठवत नाहीत. पासवर्ड, त्या क्षणाची वेळ आणि एक यादृच्छिक आकडा यांचं मिश्रण करून त्याचा सांकेतिक ठसा पाठवतात. कोणी मधेच तो ठसा चोरला तरी तो थोड्या वेळाने शिळा व्हावा, हा वेळ मिसळण्यामागचा हेतू. पण खोक्यातून नुकत्याच काढलेल्या कॅमेऱ्याचं घड्याळ कित्येकदा १९७० किंवा २००० सालात असतं. रेकॉर्डर आजची तारीख घालून ठसा पाठवतो आणि कॅमेऱ्याच्या लेखी तो भलत्याच काळातला ठरतो. पासवर्ड बरोबर असूनही दार उघडत नाही. काही रेकॉर्डर आधी कॅमेऱ्याची वेळ विचारून घेतात आणि त्याप्रमाणे ठसा बनवतात, सगळे तसं करत नाहीत. उपाय साधा आहे: कॅमेऱ्याच्या पानावर वेळ आणि भारताचा टाइम झोन आधी लावायचा आणि पुढे घड्याळ भरकटू नये म्हणून वेळेच्या सर्व्हरचा किंवा रेकॉर्डरचाच पत्ता द्यायचा.

इथे एक खबरदारी. चुकीचा पासवर्ड रेकॉर्डरमध्ये राहिला तर रेकॉर्डर तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, आणि काही प्रयत्नांनंतर कॅमेरा त्या रेकॉर्डरच्या पत्त्यालाच काही काळ कुलूप लावतो. मग खरा पासवर्ड टाकला तरी नकारच येतो आणि माणूस पुरता गोंधळतो. अशा वेळी रेकॉर्डरमधून तो चॅनल काढून टाकावा, कॅमेऱ्याची वीज बंद-चालू करावी किंवा अर्धा तास थांबावं, आणि मगच पुन्हा जोडावं.

ज्या रेकॉर्डरच्या पाठीमागेच कॅमेऱ्यांना वीज पुरवणारी पोर्टं असतात, त्यांची आणखी एक गंमत असते. त्या पोर्टांचं एक वेगळं, आतलं नेटवर्क असतं. घरच्या कंपनीचा कॅमेरा तिथे लावला की रेकॉर्डर त्याला आपणहून पत्ता देतो. परक्या कॅमेऱ्याला तो हात लावेलच असं नाही. त्या कॅमेऱ्याचा पत्ता हाताने त्या आतल्या नेटवर्कच्या मापात बसवावा लागतो. मिश्र कॅमेरे लावायचे असतील तर ते वेगळ्या पीओई स्विचवर घ्यावेत असं माझं मत आहे. प्रत्येक कॅमेऱ्याचं पान लॅपटॉपवरून उघडता येतं, आणि मिश्र जोडणीत ते पान वरचेवर उघडावं लागतं.

इतकं झालं की कॅमेरा जोडला गेल्याची खूण दिसते. तरी चौकट काळीच राहते किंवा 'या प्रकारचा प्रवाह चालत नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. नवा कॅमेरा कारखान्यातूनच एच.२६५ वर लावलेला असतो, कारण त्यात जागा कमी लागते. प्रोफाइल एस ज्या सेवेवर उभा आहे तिच्या शब्दकोशात एच.२६५ हा शब्दच नाही. तिथे जेपीईजी, एमपीईजी-४ आणि एच.२६४ एवढेच प्रकार आहेत. एच.२६५ मागायची सोय नंतरच्या सेवेत, म्हणजे प्रोफाइल टीच्या वेळी आली. २०१९ चा रेकॉर्डर स्वतःच्या कंपनीच्या कॅमेऱ्याकडून खासगी भाषेत एच.२६५ आरामात घेत असतो, पण ऑनव्हिफमधून ते मागणं त्याला येत नाही. म्हणून 'आमचा रेकॉर्डर एच.२६५ घेतो' हे माहितीपत्रकातलं वाक्य परक्या कॅमेऱ्याच्या बाबतीत उपयोगाचं नाही.

यातून सुटका करायची तर कॅमेऱ्याच्या पानावर जाऊन मुख्य प्रवाह एच.२६४ वर आणायचा. दुय्यम प्रवाहही एच.२६४ वरच ठेवायचा. सोळा चौकटींच्या पडद्यावर आणि मोबाइलवर रेकॉर्डर हा हलका दुय्यम प्रवाहच दाखवतो. तो विसरला तर एक कॅमेरा मोठा करून पाहताना दिसतो आणि सगळे एकत्र पाहताना काळा पडतो. कंपन्यांच्या स्वतःच्या 'प्लस' किंवा 'स्मार्ट' नावाच्या दाबपद्धती परक्या रेकॉर्डरसाठी बंद ठेवाव्यात. त्यांत पूर्ण चित्र फार विरळ पाठवलं जातं, त्यामुळे चित्रण मागेपुढे सरकवताना ते अडखळतं.

ऑनव्हिफने काहीच जमत नसेल तर बऱ्याच रेकॉर्डरमध्ये आणखी एक वाट असते: कॅमेऱ्याच्या प्रवाहाचा पत्ता सरळ टाइप करणं. दाहुआ पद्धतीच्या कॅमेऱ्यांत तो असा दिसतो:

```
rtsp://user:password@192.168.1.64:554/cam/realmonitor?channel=1&subtype=0
```

`subtype=0` म्हणजे मुख्य प्रवाह आणि `1` म्हणजे दुय्यम. हाच पत्ता लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअरमध्ये टाकून चित्र आलं, तर कॅमेरा, केबल आणि पासवर्ड ठीक आहेत आणि अडचण ऑनव्हिफच्या बोलण्यात आहे हे लगेच कळतं. पासवर्डमध्ये `@` असेल तर हा पत्ता तिथेच तुटतो. त्या जागी `%40` लिहावं लागतं. अशा जोडणीत चित्र आणि जमलं तर आवाज मिळतो. कॅमेरा फिरवणं, सेटिंग बदलणं, सूचना येणं यांतलं काहीही मिळत नाही.

आता चारही कॅमेरे दिसायला लागले. सेक्रेटरींनी मोबाइलवर पाहिलं, सीसीटीव्हीवाल्याचे पैसे चुकते झाले. बहुतेक ठिकाणी काम संपलं असं इथेच समजतात, आणि खरी अडचण इथून पुढे सुरू होते.

सोसायटीचा रेकॉर्डर पूर्वीपासून 'मोशन'वर लावलेला आहे. हालचाल झाली की नोंदवायचं, एरवी नाही. त्यामुळे चार टीबीची डिस्क महिनाभर पुरते. नवे चार चॅनलही त्याच पद्धतीवर लावले जातात. दीड महिन्यानंतर एका सकाळी पार्किंगमधली स्कूटर आडवी पडलेली आणि तिचा आरसा फुटलेला दिसतो. रात्रीचं चित्रण काढायला बसलं तर त्या चॅनलच्या वेळपट्टीवर एकही रंगीत रेघ नाही. रात्रीची नाही, आदल्या दिवशीची नाही, कॅमेरा लावल्यापासूनचीच नाही. थेट चित्र मात्र पूर्ण वेळ चालू होतं.

यात काही बिघडलेलं नसतं. नेटवर्क रेकॉर्डर साधारणपणे स्वतः चित्र पाहून हालचाल ओळखत नाही. ओळखण्याचं काम कॅमेरा करतो आणि 'इथे हालचाल झाली' असा निरोप रेकॉर्डरला पाठवतो. निरोप आला की रेकॉर्डर नोंद सुरू करतो. घरच्या कॅमेऱ्याकडून हा निरोप खासगी भाषेत येतो. परक्या कॅमेऱ्याकडून तो ऑनव्हिफमधून यायला हवा. प्रोफाइल एसमध्ये निरोप पाठवण्याची यंत्रणा सांगितलेली आहे, पण हालचालीचा निरोप नेमक्या कोणत्या नावाने पाठवायचा हे बांधून दिलेलं नाही. परिणामी काही कॅमेरे तो `tns1:VideoSource/MotionAlarm` या नावाने पाठवतात आणि काही `tns1:RuleEngine/CellMotionDetector/Motion` या नावाने. रेकॉर्डर एका नावाची वाट पाहतोय आणि निरोप दुसऱ्या नावाने येतोय, तर तो निरोप कानामागे जातो. दोन्ही उपकरणं ऑनव्हिफची आहेत, दोन्ही नियमांत आहेत, तरी डिस्कवर काही उमटत नाही.

कॅमेऱ्याच्या पानावर हालचाल ओळखणं चालूच केलेलं नसतं, हेही तितकंच नेहमीचं कारण. घरच्या कॅमेऱ्याच्या बाबतीत रेकॉर्डरच्या पडद्यावर जाळी काढून जागा ठरवली की ती कॅमेऱ्यात जाऊन बसते. परक्या कॅमेऱ्याच्या चॅनलवर तीच जाळी काढता येते, 'सेव्ह झालं' असंही दिसतं, पण ते कॅमेऱ्यापर्यंत पोचलेलं असेलच असं नाही. म्हणून हालचालीची जागा आणि संवेदनशीलता कॅमेऱ्याच्या स्वतःच्या पानावर जाऊन ठरवायची. रेकॉर्डरच्या पडद्यावर भरवसा ठेवायचा नाही.

यूपीआयमुळे कोणत्याही बँकेच्या खात्यातून कोणत्याही बँकेच्या खात्यात पैसे जातात, म्हणून आपल्या बँकेच्या अॅपवरून दुसऱ्या बँकेतलं लॉकर उघडता येत नाही. ऑनव्हिफचं तसंच आहे. ठरवून दिलेला व्यवहार पार पडतो, प्रत्येक कंपनीच्या घरातल्या सोयी घरातच राहतात. आजच्या कॅमेऱ्यांची जाहिरात ज्या गोष्टींवर चालते त्या जवळजवळ सगळ्या या घरातल्या सोयी आहेत. पाल किंवा हलणारी फांदी सोडून फक्त माणूस आणि गाडी टिपणं, रेषा ओलांडली की मोबाइलवर निरोप येणं, 'काल रात्रीची सगळी माणसं दाखव' असा शोध घेणं, अनोळखी माणूस दिसताच दिवा लागून भोंगा वाजणं. हे सगळं कॅमेऱ्यात असतं, पण दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरवरून यातलं बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. प्रोफाइल एम यासाठीच आला, पण तो कॅमेऱ्यात आणि रेकॉर्डरमध्ये दोन्हीकडे असावा लागतो. २०१९ च्या रेकॉर्डरमध्ये तो असण्याचा प्रश्नच येत नाही. कॅमेऱ्याची किंमत मात्र या सोयी धरूनच लावलेली असते. जुन्या रेकॉर्डरला जोडायचा असेल तर माणूस-गाडी ओळखणाऱ्या महागड्या कॅमेऱ्याचे जास्तीचे पैसे वाया जातात. तेवढ्या पैशात चांगल्या भिंगाचा, रात्री स्वच्छ दिसणारा साधा कॅमेरा घ्यावा.

स्कूटर पडलेल्या सोसायटीपुढे आता वाट कोणती? कॅमेऱ्याचं आणि रेकॉर्डरचं फर्मवेअर अद्ययावत करून, कॅमेऱ्यात हालचाल ओळखणं चालू करून आधी पाहावं. कधीकधी तेवढ्याने निरोप पोचायला लागतो. पोचला नाही तर उरतो तो एकच भरवशाचा उपाय: ते चार चॅनल चोवीस तास नोंदीवर टाकणं. चित्र पोचतंय हे नक्की आहे, मग निरोपाची वाटच कशाला पाहायची.

त्याची किंमत डिस्कमध्ये मोजावी लागते आणि ती आधी काढून ठेवता येते. चार मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला एच.२६४ मध्ये सेकंदाला ४ मेगाबिट असा दर धरू. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला अर्धा मेगाबाइट. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, म्हणजे एका कॅमेऱ्याला दिवसाला साधारण ४३ जीबी. चार कॅमेऱ्यांना १७३ जीबी. पंधरा दिवसांचं चित्रण ठेवायचं तर २.६ टीबी आणि तीस दिवसांचं ठेवायचं तर ५.२ टीबी. जुनी डिस्क चारच टीबीची आहे आणि तिच्यावर आधीचे अकरा कॅमेरे आहेतच. नवी डिस्क घालणं आलं. हेच कॅमेरे एच.२६५ वर आणि हालचालीपुरते नोंदवता आले असते तर त्यातली बरीच जागा वाचली असती. 'कॅमेरा स्वस्त पडला' असं म्हणताना हा डिस्कचा खर्च कोटेशनमध्ये कोणी धरत नाही. मिश्र जोडणीचं कोटेशन मागताना तो धरायला लावा. शिवाय रेकॉर्डर एकूण किती मेगाबिट आत घेऊ शकतो याला मर्यादा असते आणि ती माहितीपत्रकात लिहिलेली असते. सगळ्या कॅमेऱ्यांचे दर बेरजेला घेऊन ती ओलांडत नाही ना, तेही पाहावं.

आणखी एक आधार ठेवता येतो. नव्या कॅमेऱ्यात मेमरी कार्डाची खाच असेल तर त्यात टिकाऊ प्रतीचं कार्ड घालावं आणि हालचालीची नोंद कॅमेऱ्यातच चालू ठेवावी. कॅमेऱ्याला स्वतःची भाषा कळतेच. त्यामुळे माणूस-गाडीची ओळखही त्या नोंदीत वापरली जाते. रेकॉर्डरवरचं चोवीस तासांचं चित्रण चाळायच्या आधी कार्डावर नेमकी वेळ मिळाली की शोध काही मिनिटांत संपतो. ते पाहायला कॅमेऱ्याच्या कंपनीचं अॅप किंवा त्याचं पान उघडावं लागेल, म्हणजे कमिटीतल्या कोणालातरी दोन ठिकाणी पाहायची सवय लागायला हवी. रेकॉर्डर आणि कॅमेरा यांच्या वेळा मात्र तंतोतंत जुळायला हव्यात. कार्डावर २ वाजून १० मिनिटं आणि रेकॉर्डरवर २ वाजून ३२ अशी तफावत असेल तर पोलिसांपुढे चित्रण ठेवताना त्याचंच स्पष्टीकरण द्यावं लागतं.

ऑनव्हिफ निरुपयोगी आहे असा याचा अर्थ कृपया काढू नका. या नियमांमुळेच एका कंपनीने मॉडेल बंद केलं म्हणून अकरा चांगले कॅमेरे आणि एक चांगला रेकॉर्डर भंगारात काढावा लागत नाही. चित्र दिसणं आणि ते साठवलं जाणं एवढी अपेक्षा असेल तर मिश्र जोडणी वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते. जिना, गच्ची, मागचा बोळ अशा ठिकाणी ती खुशाल करावी. पण गेट, दुकानातला गल्ला किंवा एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांचं दार अशा जागी, जिथे घटना घडताच मोबाइल वाजायला हवा, तिथे कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच कंपनीचे घ्यावेत, किंवा तेवढ्यासाठी छोटा वेगळा रेकॉर्डर घ्यावा.

आणि चार कॅमेरे एकदम घेऊ नका. आधी एकच मागवा आणि तो तुमच्याच रेकॉर्डरला, तुमच्याच जागी आठवडाभर लावा. रात्री पार्किंगमधून एक फेरी मारा आणि दुसऱ्या दिवशी ती फेरी रेकॉर्डरवर शोधून काढा. थेट चित्र दिसलं म्हणून समाधान मानू नका, नोंद सापडली तरच पुढचे तीन घ्या. रेकॉर्डर बंद करून पुन्हा चालू करा आणि कॅमेरा आपोआप परत येतो का पाहा, कारण वीज जाणारच आहे. विक्रेत्याकडून कोटेशनवर तीन गोष्टी लिहून घ्या: कॅमेऱ्याचं मॉडेल आणि फर्मवेअर, कोणता प्रोफाइल, आणि 'आपल्या रेकॉर्डरवर हालचालीनुसार नोंद होईल' हे वाक्य. ते लिहायला तो कचरला तर तुम्हाला उत्तर मिळालंच. पुढे कधी कोणी फर्मवेअर बदललं, तर त्याच रात्री पार्किंगमधली ती फेरी पुन्हा मारा आणि सकाळी नोंद तपासा.